‘करण्यात येईल’ म्हणजे नक्की कोण करणार? पंचायतीची सूचना क्रियापदावर आणण्याची रीत

मे महिना लागला की गोव्यातल्या पंचायतींच्या फलकांवर पावसाळ्यापूर्वीच्या सूचना झळकू लागतात. गटारे, रस्त्यावर वाकलेल्या फांद्या, मोडकळीला आलेल्या भिंती, विषय ठरलेलेच. फलकापुढे थांबून अशी सूचना शेवटपर्यंत वाचणारा माणूस मात्र विरळा. तो दोन ओळी वाचतो, वैतागतो आणि वाड्यावरच्या पंचाला फोन लावतो. पंच त्याला कोकणीत एका दमात सांगून टाकतो, “गटारांतलें सामान पंचवीस मेपयलीं काडात.” पंचाच्या या वाक्यात करायचे काम क्रियापदात आहे. तेच काम सूचनेत चार नामांखाली गाडले गेलेले असते.

1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठी वापरण्याचीही तरतूद त्यात राहिली. पण कागदावर उतरणारी मराठी बहुधा दोन वाटांनी येते. एक वाट इंग्रजी मसुद्यावरून, दुसरी शेजारच्या महाराष्ट्रातल्या सरकारी मराठीवरून. दोन्ही वाटांवर नामांची गर्दी आहे. म्हणून इथे एकाच प्रकारचा कागद घेतो, पंचायतीची अर्ध्या पानाची सूचना, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सुधारून दाखवतो. रीत हाताशी बसली की देवस्थानच्या महाजनांना जाणारे पत्र असो किंवा खात्याचे परिपत्रक, तीच चालते.

खालची सूचना मी नमुन्यासाठी रचली आहे. ती कुठल्याही एका पंचायतीची नाही, पण वाचताना ओळखीची वाटेल.

“याद्वारे सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, पंचायत क्षेत्रातील रस्त्यांच्या कडेच्या गटारांमध्ये बांधकाम साहित्याची साठवणूक करण्यात येत असल्याचे निदर्शनास आले असून, त्यामुळे पावसाळ्यात पाण्याच्या निचऱ्यास अडथळा निर्माण होऊन रस्त्यांवर पाणी साचण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्या अनुषंगाने सदर साहित्य हटविण्याबाबतची कार्यवाही संबंधितांनी दि. 25 मे पर्यंत पूर्ण करणे आवश्यक असून, विहित मुदतीत त्याची पूर्तता न झाल्यास पंचायतीमार्फत पुढील कार्यवाही करण्यात येऊन त्यावरील खर्चाची वसुली संबंधितांकडून करण्यात येईल, याची नोंद घेण्यात यावी.”

व्याकरणाची चूक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. वाक्ये शुद्ध आहेत, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच उतरवली जातात.

पहिली पायरी : क्रियापदांखाली रेघ मारा

कागद छापून घ्या आणि पेन्सिलीने फक्त क्रियापदांखाली रेघा ओढा. या सूचनेत सापडतात ती अशी: कळविण्यात येते, करण्यात येत, निदर्शनास आले, नाकारता येत नाही, करण्यात येऊन, करण्यात येईल, घेण्यात यावी. दोन वाक्यांत ‘येणे’ सात वेळा आले आहे आणि कोणी कुठेही येत नाही. ‘असून’ दोनदा आणि ‘होऊन’ एकदा आहे, तेही फक्त वाक्ये सांधायला.

आता दुसऱ्या रंगाने ज्या नामांत प्रत्यक्ष काम लपले आहे त्यांना गोल करा: साठवणूक, निचरा, अडथळा, कार्यवाही, पूर्तता, पुन्हा कार्यवाही, वसुली, नोंद. गावात जे घडते किंवा घडायला हवे, ते सगळे या गोलांत आहे. रेघा मारलेली क्रियापदे नुसती वाक्य संपवायला उभी आहेत. हे चित्र एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढे कुठे हात घालायचा ते दिसते.

मराठीत या दोषाचा त्रास जास्त होतो, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. वाचणारा एकामागून एक नामे हातात धरून शेवटची वाट पाहतो. शेवटी ‘काढा’ भेटले तर वाट पाहण्याचे चीज होते. ‘करण्यात यावी’ भेटले तर काय करायचे ते शोधायला त्याला पुन्हा मागे जावे लागते.

दुसरी पायरी : प्रत्येक गोलाला ‘कोण?’ विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बहुतेक लोक इथूनच उडी मारून थेट शब्द बदलायला लागतात, आणि कागद गुळगुळीत होतो पण स्पष्ट होत नाही.

नामाला कर्ता लागत नाही. ‘साठवणूक’ म्हटले की ती कोणी केली हे न सांगताही वाक्य पुरे होते. क्रियापदाला मात्र तसे सुटता येत नाही. मराठीत ते कर्त्याप्रमाणे किंवा कर्माप्रमाणे वळते: काढेल, काढतील, काढू, काढला, काढली. ‘काढू’ लिहायला गेलात की लगेच प्रश्न उभा राहतो, म्हणजे कोण काढू? म्हणून नामाचे क्रियापद करणे हे नुसते भाषेचे काम राहत नाही. लिहिणाऱ्याला माहिती गोळा करावी लागते.

आपल्या सूचनेतले ‘संबंधित’ पाहा. ते तीनदा आले आहेत आणि तिन्ही वेळा वेगळे आहेत. पहिले ‘सर्व संबंधित’ म्हणजे गावातले सगळे लोक, ज्यांना कळवायचे आहे. दुसरे ‘संबंधित’ म्हणजे ज्यांनी साहित्य काढायचे ते. तिसरे म्हणजे ज्यांच्याकडून खर्च घ्यायचा ते. दुसरे आणि तिसरे एकच आहेत का? घर बांधणारा मालक चिरे मागवतो, ठेकेदाराचा ट्रकवाला ते गटारात ओतून निघून जातो. उद्या पंचायतीने ते काढले तर बिल कोणाच्या नावे फाडायचे? सूचनेत याचे उत्तर नाही, आणि सचिवाच्या मनात तरी आहे की नाही, सांगता येत नाही.

‘कार्यवाही’चेही तेच. पहिली कार्यवाही घरमालकाची, दुसरी पंचायतीची. शिवाय दुसरीच्या मागे ‘पुढील’ लावले आहे. पुढील म्हणजे साहित्य उचलणार? जप्त करणार? दंड लावणार? ‘हाताने काय करायचे?’ असा प्रश्न विचारून उत्तर येत नसेल, तर ते नाम पोकळ आहे. कार्यवाही, उपाययोजना, प्रक्रिया, अंमलबजावणी या चौघांना हा प्रश्न हमखास विचारावा.

‘निदर्शनास आले’ इथेही थांबा. कोणाच्या? केव्हा? कुठे? गावातला माणूस सूचना वाचून सर्वांत आधी हेच पाहतो, की ही आपल्या वाड्याबद्दल आहे की पलीकडच्या.

म्हणजे या पायरीला सचिवाला किंवा प्रभागाच्या पंचाला फोन करावा लागणार. आपण असे धरू, की उत्तरे अशी मिळाली: सचिव आणि दोन पंच यांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिठ्यापासून देवळापर्यंतचा रस्ता पाहिला. चिरे, वाळू आणि खडी चार ठिकाणी गटारात पडलेली दिसली. साहित्य कोणीही टाकलेले असो, पंचायत घरमालकालाच धरणार आहे. मुदत टळली की पंचायत ते उचलेल आणि उचलण्याचा खर्च घरमालकाकडून घेईल. दंडाचा विचार नाही.

एवढे मिळाले की निम्मे काम झाले. उत्तरे मिळाली नाहीत, तर सूचना लावण्याची वेळ अजून आलेली नाही.

तिसरी पायरी : ‘ची’ची चाचणी

आता शब्दांकडे या. ‘नाम अधिक करणे’ दिसले की ते मोडायचेच, असा नियम मराठीला लावता येत नाही. आपल्या कितीतरी धड क्रियापदांची घडणच तशी आहे: मदत करणे, सुरू करणे, बंद करणे, साफ करणे. ही मोडायला गेलात तर हातात काहीच उरत नाही.

मग ओळखायचे कसे? नामाच्या मागचा प्रत्यय पाहायचा. ‘गटारांची तपासणी करणे’ यात ‘गटारे’ हे खरे कर्म आहे, पण ‘ची’ लागून ते ‘तपासणी’च्या दारात अडकले आहे. ‘ची’ काढा, क्रियापद बाहेर येते: गटारे तपासणे. तसेच

फॉर्मची छाननी करणे : फॉर्म तपासणे,
घरपट्टीचा भरणा करणे : घरपट्टी भरणे,
रोपांचे वाटप करणे : रोपे वाटणे,
समितीची निवड करणे : समिती निवडणे,
नियमात बदल करणे : नियम बदलणे,
नावाची नोंद करणे : नाव नोंदवणे.

‘अर्जदाराला मदत करणे’ यात ‘ला’ आहे, कर्म मोकळे आहे, म्हणून तिथे काही बिघडलेले नाही. ‘रस्ता साफ करणे’ यात प्रत्ययच नाही, तेही ठीक. पण कोणी ‘रस्त्याची साफसफाई करणे’ लिहिले की ‘ची’ परत आली, ‘रस्ता झाडणे’ किंवा ‘साफ करणे’ करून टाका. काही नामांना ‘ची’ लागते पण त्यांच्यामागे क्रियापद नसते. चौकशी हे असेच एक नाम. तिथे ‘चौकशी करणे’ तसेच राहू द्यावे.

आणखी एक धोका आहे, तो कार्यालयात काम करणाऱ्यांना ठाऊक असतो. काही नामे नुसती क्रिया सांगत नाहीत, ठरावीक पद्धतीची क्रिया सांगतात. जमिनीची मोजणी म्हणजे मोजणीदाराने नकाशासह केलेले काम. ‘जमीन मोजली’ म्हटले तर शेजाऱ्याने दोरी धरून मोजली असेही होईल. ‘मागणे’ आणि ‘मागणी करणे’ यांतही असाच फरक आहे. थकबाकीसाठी लेखी मागणी झाली की तिचे पुढे परिणाम होतात, तोंडी मागितल्याने होत नाहीत. सुनावणी, पंचनामा, लेखापरीक्षण, ना हरकत दाखला हीही अशीच कामाची नावे आहेत, त्यांना हात लावू नये. पण या नावांच्या आजूबाजूचे वाक्य सुधारता येते: ‘सुनावणीचे आयोजन करण्यात आले आहे’ याऐवजी ‘सुनावणी 12 तारखेला आहे’. सुनावणी राहिली, आयोजन गेले, कोणाचे काही अडले नाही.

चौथी पायरी : ‘करण्यात येईल’ला खोटे औषध देऊ नका

‘कार्यवाही करण्यात येईल’ जड वाटते म्हणून पुष्कळ लोक ‘कार्यवाही केली जाईल’ करतात. याने काहीच सुधारत नाही. ‘येणे’ जाऊन ‘जाणे’ आले, कर्ता होता तिथेच गैरहजर. दुसरे खोटे औषध म्हणजे मार्फत, द्वारे, कडून: ‘पंचायतीमार्फत साहित्य हटविले जाईल’. इथे कर्ता वाक्यात आला खरा, पण त्याला मध्यस्थाच्या जागी उभे केले. साधे वाक्य असे: ‘पंचायत साहित्य उचलेल.’

असे लिहायला सचिवांची बोटे थबकतात, हे मी पाहिले आहे. ‘करण्यात येईल’ यात एक आडोसा असतो. नंतर कोणी काही केले नाही तरी कोणाचे नाव निघत नाही. ‘पंचायत उचलेल’ लिहिले की पंचायतीला उचलावेच लागते. अडचण खरी आहे, पण ती भाषेची नाही. पंचायत उचलणार नसेल, तर ते वाक्य सूचनेत कशाला?

‘आम्ही उचलू’ असे लिहावे का? मला वाटते, फलकावरच्या सूचनेत ‘पंचायत’ बरे. सूचनेवर सही सचिवाची असते आणि ‘आम्ही’ म्हणजे सचिव, सरपंच की पूर्ण मंडळ, याचा घोळ होतो. एखाद्या माणसाला पाठवलेल्या पत्रात मात्र ‘आम्ही तुमचा अर्ज पाहिला’ हेच जास्त सरळ वाटते.

कर्ता गाळायचाच असेल, तरी मराठीकडे मोकळी वाट आहे. ‘हा साकव 2011 साली बांधण्यात आला’ असे लिहिण्याची गरज नाही, ‘हा साकव 2011 साली बांधला’ पुरते. कोणी बांधला हा इथे मुद्दाच नाही आणि वाचणारालाही तो प्रश्न पडत नाही. कर्ता कधी गाळावा, याला एकच कसोटी लावा: तो माहीत नसल्याने वाचणाऱ्याचे काही अडते का?

पाचवी पायरी : ‘असून’ आणि ‘होऊन’ कापा

-ऊन हा प्रत्यय मराठीचा मोठा गुण आहे. ‘साहित्य उचलून आपल्या जागेत ठेवा’ यात एकच माणूस दोन कामे एकामागून एक करतो आणि वाक्य वाहते. पण सरकारी मराठीत -ऊनच्या दोन बाजूंना दोन वेगळे कर्ते बसतात. ‘अडथळा निर्माण होऊन पाणी साचण्याची शक्यता नाकारता येत नाही’ : अडथळा निर्माण होतो तो एक, साचते ते पाणी, आणि शक्यता नाकारता येत नाही ती कोणाला, हे तर सांगितलेलेच नाही. पुढे ‘असून’ने तर आज्ञा आणि धमकी एकाच दोरीत ओवली आहेत.

नियम सोपा ठेवा. दोन्ही कामे एकच जण करत असेल तर -ऊन ठेवा. कर्ता बदलला की पूर्णविराम द्या, किंवा जर-तर, म्हणून, नाहीतर यांपैकी नाते दाखवणारा शब्द घाला. ‘असून’ नाते दाखवतच नाही, ते फक्त वाक्य लांबवते. ‘त्या अनुषंगाने’ आणि ‘सदर’ यांचेही तसेच. बहुतेक वेळा ‘म्हणून’ आणि ‘हे’ पुरतात, कधी कधी काहीच लागत नाही.

सहावी पायरी : आज्ञा किती जोराची, ते ठरवा

‘करणे आवश्यक आहे’ हे मऊ आहे की कडक, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तुम्ही आधी मनाशी ठरवा. विनंती असेल तर ‘कृपया काढा’. नेहमीची सूचना असेल तर ‘काढावे’. मोडल्यास परिणाम होणार असेल तर ‘काढलेच पाहिजे’ किंवा ‘काढावेच लागेल’. मथळ्यात ‘काढा’ चालते, त्याने कोणाचा मान जात नाही. मजकुरात मात्र वाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना ‘ठेवा, काढा, भरा’ असा एकसारखा मारा टोचतो, तिथे ‘-आवे’ बरे.

‘याची नोंद घ्यावी’ हे शेपूट मी सरळ कापतो. सूचना लावली म्हणजे ती वाचून लक्षात ठेवावी, हे त्यात आलेच.

तयार सूचना

आता सगळे एकत्र करू.

“गटारातले चिरे, वाळू आणि खडी 25 मेपर्यंत काढा

तिठ्यापासून देवळापर्यंतच्या रस्त्यावर चार ठिकाणी कोणीतरी गटारात चिरे, वाळू आणि खडी टाकली आहे. पंचायतीचे सचिव आणि पंच यांनी मेच्या पहिल्या आठवड्यात हा रस्ता पाहिला. गटारे अशीच राहिली, तर पावसाचे पाणी रस्त्यावर साचेल.

ज्यांच्या घराचे किंवा कुंपणाचे काम चालू आहे, त्यांनी आपले साहित्य 25 मेपर्यंत गटारातून उचलून आपल्या जागेत ठेवावे. साहित्य ठेकेदाराने टाकलेले असले, तरी ते काढण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

26 मेपासून गटारात जे साहित्य दिसेल, ते पंचायत उचलेल आणि त्याचा खर्च घरमालकाकडून घेईल.”

‘जबाबदारी’ हे नाम मी मुद्दाम ठेवले आहे. इथे काम ‘काढण्या’चे आहे आणि ते क्रियापदातच आहे. जबाबदारी कोणाची हा वेगळा प्रश्न आहे, त्याला नामाचीच गरज होती. नामे काढायची म्हणजे सगळी काढायची असे नाही. क्रिया नामात कोंडली असेल तर ती मोकळी करायची.

तारीख ‘विहित मुदतीत’ वरून ‘26 मेपासून’ झाली, तीही याच रीतीमुळे. ‘उचलेल’ लिहिताच ‘कधी?’ विचारावे लागले. 25 तारीख मुदतीत धरायची की नाही, हा वादही मिटला. कायद्याचे कलम दाखवायचे असेल तर ते शेवटी वेगळ्या ओळीत द्यावे, ‘अन्वये’ म्हणून पहिल्याच वाक्यात कोंबू नये. कलमाचा मजकूर उतरवायचा असेल, तर तो जसाच्या तसा उतरवा, त्यात ही रीत चालवू नका. कायद्याचे शब्द बदलणे आपल्या अखत्यारीत नाही.

कागद बाहेर जाण्यापूर्वी

संगणकावर मसुदा असेल तर Ctrl+F दाबून एकेक करून हे शोधा:

```
ण्यात ये
ण्यात या
ण्यात आ
असून
मार्फत
अनुषंग
कार्यवाही
```

पहिल्या तीन शोधांत ‘पाण्यात येणारा कचरा’ असले निरपराध शब्दही सापडतील, ते सोडून द्या. बाकी प्रत्येक जागी थांबून ‘कोण?’ विचारा. बदलायचेच असे नाही, पण न विचारता पुढे जायचे नाही.

मग कागद मोठ्याने वाचा. एका श्वासात वाक्य पुरे होत नसेल, तर ते ग्रामसभेत वाचून दाखवणाऱ्या सचिवालाही पुरे होणार नाही. त्याहून खरी तपासणी म्हणजे ज्याने मसुदा लिहिलेला नाही अशा एकाला तो द्या. घरात कोकणी आणि वाचायला मराठी असा माणूस गावात शोधावा लागत नाही. त्याला मत विचारू नका, ‘छान आहे’ म्हणेल. त्याला विचारा: आता कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत? नाही केले तर कोण काय करील? ही उत्तरे कागदाकडे पुन्हा न पाहता आली, तर सूचना फलकावर लावा. एका ठिकाणी तो अडखळला, तर त्या वाक्यात बहुतेक एखादे गोल केलेले नाम शिल्लक राहिलेले असते.

अतिरेकही टाळावा. सगळी वाक्ये चार-चार शब्दांची केलीत, तर कागद हुकूमशहासारखा वाटतो आणि वाक्यांमधली कारणे गळून पडतात. कधी मागच्या वाक्यातली क्रिया पुढे उचलायला नामच सोयीचे असते: ‘सचिवांनी रस्ता पाहिला. या पाहणीत चार जागा सापडल्या.’ इथे ‘पाहणी’ हक्काने बसते, कारण तिचा कर्ता नुकताच सांगून झाला आहे.

इतिवृत्तात हेच अधिक महाग पडते

फलकावरची सूचना पावसाळा संपला की विसरली जाते. ग्रामसभेचे इतिवृत्त वहीत राहते, आणि त्यातली नामे पुढच्या सभेत भांडणे लावतात. नेहमीचे वाक्य असे असते: ‘व्हाळावरील साकवाच्या दुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा करण्यात येऊन याबाबत योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरविण्यात आले.’ पुढच्या ग्रामसभेत एक ग्रामस्थ उभा राहतो आणि विचारतो, साकवाचे काय झाले? सरपंच सचिवाकडे पाहतात, सचिव वही उघडतो. वहीत ‘योग्य ती कार्यवाही’ आहे.

इथे ‘सविस्तर चर्चा’ मोडून कोणी काय म्हटले ते थोडक्यात लिहावे, निदान मतभेद असतील ते तरी. सूचक आणि अनुमोदक यांची नावे वहीत असतातच, त्यांना वाक्याचा कर्ता करून टाकावे. आणि ‘कार्यवाही’च्या जागी माणूस, काम आणि तारीख अशा तीन गोष्टी याव्यात:

‘साकवाचा एक खांब खचला आहे, असे वाड्यावरच्या ग्रामस्थांनी सांगितले. सचिव 15 तारखेपूर्वी सार्वजनिक बांधकाम खात्याला पत्र पाठवतील आणि अभियंत्याने साकव तपासावा असे मागतील. खात्याचे उत्तर सरपंच पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवतील. ग्रामसभेने हा ठराव एकमताने मंजूर केला.’

वाक्ये वाढली, हे खरे आहे. इतिवृत्तात लांबी वाढली तर वाढू द्यावी, कारण इथे वेळ वाचतो तो पुढच्या सभेत. वहीतल्या मजकुराला मान्यता घेताना ‘सचिव’ या शब्दावर सचिवच बहुधा हरकत घेतील आणि ‘पंचायतीमार्फत’ घाला म्हणतील. तेव्हा सभेला एवढेच विचारावे, पत्रावर सही कोणाची असेल? ज्याची सही, तो कर्ता.